कोटेशनमधलं शेवटचं अक्षर

ऑफिससाठी संगणक जुळवून घ्यायचा म्हटलं की दुकानदार एक कागद हातात देतो. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर आणि खाली एकूण रक्कम. दोन दुकानांतून असे दोन कागद आणून शेजारी ठेवले तर बऱ्याचदा सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, फरक असतो तो रकमेत. मग कमी रकमेचं कोटेशन पसंत पडतं. पण प्रोसेसरच्या ओळीत एका कागदावर i5-12400 आणि दुसऱ्यावर i5-12400F लिहिलेलं असेल, तर ते दोन संगणक एक नव्हेत. पहिल्याला मॉनिटर जोडला की चित्र दिसतं. दुसऱ्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवल्याशिवाय पडद्यावर काहीच येत नाही, मग बाकीचे भाग कितीही चांगले असोत.

हिशेब लिहिणाऱ्या, पत्रं टाइप करणाऱ्या, जीएसटीची विवरणपत्रं भरणाऱ्या माणसाने यातला कोणता घ्यावा, हा प्रश्न दिसतो तितका अवघड नाही. माझं उत्तर सुरुवातीलाच सांगतो. ऑफिसच्या कामासाठी ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असलेलं घ्यावं. वेगळं कार्ड तेव्हाच घ्यावं, जेव्हा एखादं ठरावीक सॉफ्टवेअर ते मागतं. असं का, हे समजून घेतलं तर दुकानात कोणी काहीही सांगितलं तरी आपला निर्णय आपल्याला घेता येतो.

पडद्यावर जे दिसतं ते लाखो ठिपक्यांचं बनलेलं असतं. नेहमीच्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून थोडे जास्त. प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवायला साधारण चार बाइट लागतात. म्हणजे पडद्यावरचं एक पूर्ण चित्र सव्वाआठ एमबीच्या आसपास जातं. मॉनिटर ते चित्र सेकंदाला ६० वेळा मागतो, म्हणून दर सेकंदाला जवळपास ५०० एमबी माहिती मेमरीतून उचलून पडद्याकडे पाठवावी लागते. ठिपक्यांचे रंग ठरवणं आणि ती माहिती वेळेवर पोचवणं, हे ग्राफिक्स चिपचं काम. ती चिप कुठेतरी असावीच लागते, एक तर प्रोसेसरच्या आत किंवा वेगळ्या कार्डावर.

आता ५०० एमबी हा आकडा मोठा वाटतो. पण डीडीआर४ प्रकारातली ३२०० वेगाची रॅमची एकच पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती देऊ शकते. फुल एचडी पडदा सतत ताजा ठेवायला त्यातला दोन टक्के भाग लागतो. ४के मॉनिटर असला तरी हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास राहतं. खिडक्या एकमेकींवर सरकवणं, पीडीएफ खाली-वर करणं, एक्सेलचा लांबलचक तक्ता चाळणं यासाठी यात आणखी थोडी भर पडते, पण तीही प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जड जात नाही. एक्सेलमधली गणितं आणि टॅलीमधल्या नोंदी तर ग्राफिक्स चिप करतच नाही. ते काम प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी यांचं. म्हणून महागडं कार्ड बसवूनही टॅलीचा ताळेबंद एका क्षणानेही लवकर उघडत नाही.

तरीही ‘इनबिल्ट ग्राफिक्स म्हणजे कमअस्सल’ ही समजूत टिकून आहे, आणि तिला कारण आहे. पूर्वी हे ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये नसायचंच, ते मदरबोर्डवरच्या चिपसेटमध्ये असायचं. म्हणूनच आजही दुकानात ‘ऑनबोर्ड ग्राफिक्स’ असा शब्द ऐकू येतो. ते खरोखरच तुटपुंजं होतं. इंटेलने २०१० मध्ये ग्राफिक्सची चिप प्रोसेसरच्या आवरणात आणली आणि २०११ च्या जानेवारीत आलेल्या सँडी ब्रिज पिढीपासून ती प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉनवर आली. तेव्हापासून दर काही वर्षांनी तिच्यात सुधारणा होत गेली. आज i5-12400 मध्ये असलेलं यूएचडी ७३० हे ग्राफिक्स चार पडद्यांपर्यंत चित्र पाठवू शकतं आणि यूट्यूबवरचे नव्या एव्ही१ पद्धतीचे व्हिडिओसुद्धा स्वतः उलगडतं. पंधरा वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या खरेदीला लावू नये.

मग ग्राफिक्स नसलेले प्रोसेसर निघतात तरी का? इंटेलने २०१९ मध्ये नवव्या पिढीत F अक्षराचे प्रोसेसर बाजारात आणले. यांत ग्राफिक्सचा भाग बंद केलेला असतो. ज्याला खेळांसाठी किंवा व्हिडिओ संपादनासाठी मोठं कार्ड घ्यायचंच आहे, त्याला आतलं ग्राफिक्स फारसं लागत नाही. त्याचे थोडे पैसे वाचतात. त्या ग्राहकासाठी हा व्यवहार सरळ आणि चांगला आहे. २०२२ च्या जानेवारीत हे दोन प्रोसेसर आले तेव्हा इंटेलने i5-12400 ची किंमत १९२ डॉलर आणि i5-12400F ची १६७ डॉलर जाहीर केली होती. दोन्हींत सहा कोअर, दोन्हींचा सर्वाधिक वेग ४.४ गिगाहर्ट्झ. म्हणजे २५ डॉलरचा फरक फक्त ग्राफिक्सचा. अडचण होते ती हा प्रोसेसर ऑफिसच्या संगणकात शिरतो तेव्हा.

हा हिशेब एका उदाहरणाने मांडू. सांगलीतलं एखादं कर सल्लागाराचं ऑफिस धरा. पाच संगणक घ्यायचे आहेत. काम म्हणजे टॅली, एक्सेल, आयकर आणि जीएसटीची संकेतस्थळं, थोडे व्हिडिओ कॉल आणि दिवसभर उघडझाप होणाऱ्या पीडीएफ. दुकानदाराने सुचवलं, ‘साहेब, F वाला घ्या, सीपीयूमागे दोन हजार वाचतील, आणि एक छोटं कार्ड टाकून देतो.’ पाच संगणकांवर दहा हजार वाचले. छोटं कार्ड साडेतीन हजारांचं धरलं तर पाचांचे साडेसतरा हजार झाले. म्हणजे वाचवायला निघालो आणि साडेसात हजार जास्त गेले. हे भाव मी हिशेबापुरते धरले आहेत, तुमच्या गावातले ताजे भाव घालून तोच हिशेब करा. पण सर्वांत स्वस्त चालण्याजोगं कार्डसुद्धा F मुळे होणाऱ्या बचतीपेक्षा महागच पडतं. मोठ्या कंपन्यांचे तयार ऑफिस डेस्कटॉप बहुतेक आतल्या ग्राफिक्सवरच चालतात, त्यामागेही हाच हिशेब आहे.

यात विजेची भर पडते. कार्ड काही काम करत नसलं तरी थोडी वीज खातंच. हे खाणं दहा वॅट धरलं, दिवसाचे नऊ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका संगणकामागे वर्षाला २७ युनिट होतात, पाचांचे १३५. दहा रुपये युनिटने ते साडेतेराशे रुपये. रक्कम छोटी आहे, पण त्या बदल्यात आपल्याला काहीच मिळालेलं नसतं. शिवाय कॅबिनेटमध्ये एक जास्तीचा भाग आला. त्याला पंखा असेल तर त्यात धूळ साचणार, दोन-तीन वर्षांनी तो खरखरायला लागणार, आणि पंखा अडकला की कार्ड तापून पडद्यावर रेघा येणार.

पैशांपेक्षाही मला दुसरी बाब महत्त्वाची वाटते. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल आणि कार्ड बिघडलं, तर कार्ड काढायचं, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावायची आणि काम पुढे सुरू. विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी ही सोय किती मोलाची आहे, हे कर सल्लागारांना वेगळं सांगायला नको. F प्रोसेसर असेल तर मात्र दुसरं कार्ड मिळेपर्यंत तो संगणक बंद. बिघाड शोधणंही कठीण होतं. डिस्प्ले येत नाही म्हणजे कार्ड गेलं, रॅम सैल झाली की मदरबोर्ड गेला, हे ठरवायला आतलं ग्राफिक्स फार उपयोगी पडतं, कारण कार्ड बाजूला ठेवून तपासता येतं.

आणि उलट दिशेने पाहिलं तर निर्णय आणखी सोपा होतो. ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला आणि दोन वर्षांनी गरज वाढली, तर बहुतेक मोठ्या कॅबिनेटमध्ये कार्ड कधीही बसवता येतं. F प्रोसेसर घेतला तर त्यात ग्राफिक्स नंतर कुठल्याही उपायाने आणता येत नाही. तिथे प्रोसेसरच बदलावा लागतो.

आता त्या ‘छोट्या कार्डा’बद्दल. स्वस्त कार्ड म्हणून जे टाकून दिलं जातं, ते कोणतं आहे हे विचारायलाच हवं. जीफोर्स २१० हे कार्ड २००९ सालचं आहे. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ शी जुळणारं ग्राफिक्स लागतं आणि हे कार्ड त्या अटीत बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या संगणकात असलं कार्ड घालण्यात काही अर्थच उरला नाही. शिवाय इतक्या जुन्या कार्डावर नव्या मदरबोर्डचा डिस्प्ले बऱ्याचदा येतही नाही, कारण नवे बोर्ड सुरू होताना यूईएफआय पद्धतीने कार्डाशी बोलतात आणि जुन्या कार्डांना ती पद्धत ठाऊक नसते.

जीटी ७१० थोडं नवं आहे, पण त्याच्या केप्लर पिढीला मिळणारी सुरक्षा दुरुस्त्यांची ड्रायव्हर अद्ययावतंही २०२४ मध्ये थांबली. यूट्यूब बऱ्याच व्हिडिओंसाठी व्हीपी९ ही पद्धत वापरतं, आणि ती उलगडण्याची यंत्रणा या कार्डात नाही. मग व्हिडिओ उलगडण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर येतं. जीटी १०३० व्हीपी९ सांभाळतं, पण एव्ही१ नाही. त्याहून बरंच महाग आणि २०२२ मध्ये आलेलं रेडिऑन आरएक्स ६४०० घेतलं तरी त्यात एव्ही१ उलगडण्याची सोय नाही, आणि व्हिडिओ कॉलमध्ये आपल्या कॅमेऱ्याचं चित्र आवळून पाठवायची यंत्रणाही नाही. म्हणजे पैसे देऊन आणलेलं कार्ड ऑफिसच्या कामात आतल्या यूएचडी ७३० पेक्षा मागे पडतं. खेळांमध्ये आरएक्स ६४०० नक्कीच पुढे आहे. पण आपण जीएसटी भरणाऱ्या संगणकाबद्दल बोलतोय.

एएमडीच्या प्रोसेसरांची नावं वाचताना जास्त सावध राहावं लागतं, कारण तिथे नियम पिढीगणिक बदलतो. रायझनच्या ५००० मालिकेत ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरच्या नावात G असतो. 5600G मध्ये ग्राफिक्स आहे, 5600 आणि 5600X मध्ये नाही, आणि स्वस्त म्हणून खूप खपणाऱ्या 5500 मध्येही नाही. म्हणजे इथे अक्षर नसेल तर कार्ड लागणार. २०२२ मध्ये ७००० मालिका आली आणि चित्र उलटं झालं. 7600, 7700 अशा साध्या प्रोसेसरांतही छोटं ग्राफिक्स आलं. खेळांसाठी ते अपुरं आहे, ऑफिससाठी पुरेसं. मग 7500F आणि 8400F आले. त्यांत पुन्हा ग्राफिक्स नाही. म्हणून ‘रायझन ५ आहे’ एवढ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका, पूर्ण आकडा आणि अक्षर लिहून घ्या.

5600 आणि 5600G यांच्यातला फरक इंटेलसारखा निव्वळ ग्राफिक्सचा नाही, हेही सांगायला हवं. 5600 मध्ये एल३ कॅश ३२ एमबी आहे, 5600G मध्ये १६ एमबी. कॅश म्हणजे प्रोसेसरने हाताशी ठेवलेली चपळ मेमरी. खेळांमध्ये हा फरक दिसतो, म्हणून खेळणारी मंडळी 5600 सुचवतात. तो सल्ला त्यांच्यापुरता बरोबर आहे. तक्ते आणि पत्रव्यवहार यांत मात्र हा फरक जाणवत नाही.

आतल्या ग्राफिक्सची एक खरी मर्यादा आहे आणि ती रॅमशी बांधलेली आहे. कार्डावर स्वतःची मेमरी असते, आतल्या ग्राफिक्सला मात्र संगणकाच्या रॅममधूनच वाटा घ्यावा लागतो. एएमडीच्या बोर्डांवर बायोसमध्ये UMA Frame Buffer Size नावाची सोय असते. तिथे दोन जीबी राखून ठेवले असतील तर ८ जीबी रॅमच्या संगणकात विंडोजला सहाच जीबी उरतात. क्रोममध्ये वीस टॅब आणि शेजारी टॅली उघडी ठेवणाऱ्याला हे लगेच जाणवतं. तिथे ५१२ एमबी ठेवलं तरी ऑफिसला चालतं. इंटेलमध्ये कायमची राखीव जागा बरीच कमी असते आणि बाकीची गरजेनुसार घेतली व सोडली जाते. तरी दोन्हीकडे मी १६ जीबी रॅमच घ्या असं सांगेन.

ती १६ जीबी एका पट्टीत न घेता ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी माहिती उचलतो आणि २५.६ चे ५१.२ जीबी प्रतिसेकंद होतात. आतल्या ग्राफिक्सला याचा थेट फायदा मिळतो. नुसत्या टायपिंगला फरक पडणार नाही, पण दोन मॉनिटर, व्हिडिओ कॉल आणि मोठी पीडीएफ एकदम चालू असेल तेव्हा कळतं. F वर वाचवायच्या दोन हजारांऐवजी दुकानदाराशी या पट्ट्यांबद्दल बोललेलं बरं. बोर्डावर चार खाचा असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी वापरायची असते, बोर्डाच्या पुस्तिकेत ते लिहिलेलं असतं.

यानंतर मदरबोर्डच्या मागची बाजू पाहा. प्रोसेसर चार पडदे चालवू शकत असला तरी बोर्डावर सॉकेट दोनच असतील तर दोनच मॉनिटर लागणार. स्वस्त एच६१० बोर्डांवर बहुधा एक एचडीएमआय आणि एक जुनं व्हीजीए किंवा एक डिस्प्लेपोर्ट असतं. दोन फुल एचडी मॉनिटरांना हे पुरतं. ४के मॉनिटर घेणार असाल तर एचडीएमआयची आवृत्ती तपासा. त्याआधीच्या पिढीतल्या अनेक स्वस्त बोर्डांवर एचडीएमआय १.४ आहे. ते ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवतं, त्यामुळे माउसचा बाण ओढल्यासारखा चालतो आणि दिवसभर काम करणाऱ्याचे डोळे शिणतात. ‘इनबिल्ट ग्राफिक्समुळे स्लो चालतंय’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. ६० वेळा चित्र मिळालं की तक्रार संपते, आणि त्यासाठी कार्ड नव्हे, योग्य बोर्ड लागतो.

आता कार्ड कुणी घ्यावं? ऑफिस म्हटलं की सगळीच कामं सारखी नसतात. वास्तुविशारदाच्या ऑफिसात रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स किंवा ल्युमिऑन चालत असेल, तर कार्ड हवंच. त्रिमितीय इमारत फिरवून दाखवताना लाखो त्रिकोणांचं गणित दर सेकंदाला अनेकदा करावं लागतं आणि तिथे आतलं ग्राफिक्स थकतं. साध्या ऑटोकॅडचं मात्र वेगळं आहे. ऑटोकॅड २०२२ साठी ऑटोडेस्कने किमान अट म्हणून सेकंदाला २९ जीबी मेमरी वेगाचं ग्राफिक्स सांगितलं होतं आणि शिफारस १०६ जीबीची केली होती. वर काढलेले आकडे इथे उपयोगी पडतात. एका पट्टीचे २५.६ जीबी त्या किमान अटीला पुरत नाहीत, दोन पट्ट्यांचे ५१.२ पुरतात. म्हणजे घराचा सपाट नकाशा काढणाऱ्या माणसाला दोन पट्ट्यांवर आतलं ग्राफिक्स चालून जाईल. पण त्रिमितीय काम रोजचं असेल तर शिफारशीचा आकडा आतल्या ग्राफिक्सला या रॅमवर गाठता येत नाही, आणि तिथे कार्डावर केलेला खर्च वसूल होतो.

तेच छपाईच्या कामाचं. लग्नपत्रिका, बिलबुकं, पुस्तकांची पानं कोरलड्रॉ किंवा इनडिझाइनमध्ये लावणाऱ्याला आतलं ग्राफिक्स पुरतं, त्याने आधी रॅम वाढवावी. फोटोशॉपमध्ये साधी दुरुस्ती करणाऱ्यालाही पुरतं. लग्नाच्या ४के व्हिडिओंचं संपादन करणाऱ्या स्टुडिओला मात्र चार किंवा त्याहून अधिक जीबी मेमरीचं चांगलं कार्ड हवं. अशांनीसुद्धा F घेण्यापूर्वी एकदा विचार करावा. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाची व्हिडिओची यंत्रणा असते आणि प्रीमियर प्रो, डाविंची रिझॉल्व्हसारखी सॉफ्टवेअर कार्डाच्या जोडीला तिचाही उपयोग करून घेऊ शकतात. F मध्ये ग्राफिक्ससोबत क्विक सिंकही जातं.

तिसरा मॉनिटर लावायचा म्हणून कार्ड घ्यायचं असेल, तरी आतलं ग्राफिक्स कामाला येतं. कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये iGPU Multi-Monitor किंवा Internal Graphics अशा नावाची सोय चालू केली की दोन मॉनिटर कार्डाला आणि एक बोर्डाला असे एकत्र चालतात. कार्ड बसवल्यावर नेहमी घडणारा घोळ याच्याशीच जोडलेला आहे. मॉनिटरची केबल सवयीने बोर्डाच्या सॉकेटमध्ये राहते, पडदा काळा दिसतो आणि नवं कार्ड खराब निघालं असं वाटतं. केबल कार्डाच्या सॉकेटमध्ये लावली की चित्र येतं.

आधीपासून ऑफिसात असलेले संगणक कोणत्या प्रकारचे आहेत, हे कॅबिनेट न उघडता कळतं. विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून या दोन ओळी द्या.

```
Get-CimInstance Win32_Processor | Select-Object Name
Get-CimInstance Win32_VideoController | Select-Object Name
```

पहिली ओळ प्रोसेसरचं पूर्ण नाव सांगते. शेवटी F दिसला की ग्राफिक्स नाही. 5600G सारख्या एएमडी प्रोसेसरच्या नावात with Radeon Graphics असे शब्द दिसतात. दुसरी ओळ चालू असलेल्या ग्राफिक्सचं नाव देते. तिथे Intel UHD Graphics किंवा AMD Radeon Graphics आलं तर आतलं ग्राफिक्स काम करतंय. Microsoft Basic Display Adapter असं आलं, तर ग्राफिक्स असूनही त्याचा ड्रायव्हर बसवलेला नाही. अशा संगणकावर पानं अडखळत सरकतात, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही, अक्षरं फुगीर दिसतात. त्यावर उपाय फुकट आहे. इंटेल, एएमडी किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर आणून बसवायचा. कार्ड विकत घेण्याआधी हे एकदा पाहाच.

व्हिडिओ अडखळत असतील तर टास्क मॅनेजरमध्ये Performance या टॅबवर जाऊन GPU निवडा आणि यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ पूर्ण पडद्यावर लावून थोड्या वेळाने परत या. Video Decode किंवा Video Codec नावाच्या आलेखात हालचाल झालेली दिसली, तर ग्राफिक्स चिप आपलं काम करतेय. तो आलेख सपाट आणि प्रोसेसरचा आलेख मात्र वर चढलेला असेल, तर व्हिडिओचं ओझं प्रोसेसर वाहतोय. आधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद तर नाही ना, ते बघा. ते चालू असूनही आलेख सपाट असेल, तर ती चिप त्या पद्धतीचे व्हिडिओ उलगडू शकत नाही.

ज्यांच्याकडे F प्रोसेसरचे संगणक आधीच आहेत, त्यांनी ते बदलायची गरज नाही. चालणारं कार्ड असेल तर काम होतंय. पाच-सहा संगणकांमागे एक चालू कार्ड कपाटात ठेवावं, म्हणजे कामाच्या गर्दीत एखादं बंद पडलं तर माणूस हातावर हात धरून बसणार नाही. ते कार्ड एकदा तरी प्रत्यक्ष लावून पाहिलेलं असावं.

नवीन संगणक घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दुकानदाराकडून प्रोसेसरचं पूर्ण नाव अक्षरासकट बिलावर लिहून घ्या. संगणक जुळून झाला की तुमच्यासमोर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये लावून तो सुरू करायला सांगा. दोन मॉनिटर वापरणार असाल तर दोन्ही लावून बघा, आणि ४के असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ येतंय का ते तपासा. एवढं झाल्यावरच बिल चुकतं करा.